अठ्ठावीस ऑगस्टचा कागद

अमरावतीच्या राजापेठेत, एका मिठाईच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर, पोरांना परदेशी पाठवणारं एक ऑफिस आहे. जिना चढताना खालच्या जिलेबीचा वास येतो आणि वर गेल्यावर एसीचा गारवा लागतो. भिंतीवर न पाहिलेल्या देशांचे पूल आणि घड्याळाचे मनोरे. या ऑफिसचा मालक पियुष. वय तिशीच्या आसपास, भर मे महिन्यात कोट, आणि तोंडात सतत "डोन्ट वरी". स्वतः तो नागपूरच्या पुढे फक्त एकदा गेला होता, तेही मावसभावाच्या लग्नाला.

याच ऑफिसात खिडकीजवळच्या टेबलावर सत्यभामाबाई बसायच्या. वय चोपन्न. सुती साडी, डोळ्यांवर जाड काच, हातात शिसपेन्सिल. त्यांचं काम एवढंच, की अर्ज जाण्याआधी फाईलमधले स्कॅन केलेले कागद वाचायचे. पियुष त्यांना लोकांपुढे "आमच्या काकू" म्हणायचा आणि केबिनचं दार लागलं की "ती मराठी शाळेची बाई". दार पातळ होतं. सत्यभामाबाईंना दोन्ही ऐकू यायचं, आणि दोन्हींपैकी कशाचंच त्यांना वाटायचं नाही. ज्याची किंमत आपण करत नाही, त्यानं केलेल्या किमतीचा हिशोब कोण ठेवतो?

त्या मूळच्या मूर्तिजापूरच्या. वडील रेल्वेत गँगमन होते. शाळा मराठीच, आणि त्याची लाज त्यांना कधी वाटली नाही. लग्न होऊन अमरावतीला आल्या. नवरा एसटीच्या डेपोत मेकॅनिक. तो पंचेचाळिसाव्या वर्षी गेला, तेव्हा त्या एका पतसंस्थेत कारकून होत्या. तिथले मॅनेजर वामनराव मोठे खडूस गृहस्थ. पहिल्याच दिवशी त्यांनी सांगितलं होतं, "बाई, लोक कागदावरचा आकडा पाहतात. तुम्ही आधी तारीख पाहायची. आकडा खरा असतो, पण कोणत्या दिवशी खरा, ते तारीख सांगते." बावीस वर्षं त्यांनी तेच केलं. मग पतसंस्था दुसऱ्या एकीत विलीन झाली, जुने लोक घरी गेले, आणि सत्यभामाबाई एका ओळखीनं पियुषकडे आल्या.

सकाळी अंघोळ झाली की त्या देवापुढे दिवा लावायच्या, दोन मिनिटं डोळे मिटायच्या आणि निघायच्या. देवाचं त्यांनी कधी कोणाला सांगितलं नाही. मागायच्या ते एकच, हातून कोणाचं वाईट होऊ देऊ नको. पियुषच्या ऑफिसात बसून हे मागणं किती अवघड आहे, हे देवालाही हळूहळू कळलं असावं.

बँकेच्या स्टेटमेंटच्या छापील प्रतीवर त्या तीन जागी पेन्सिलीची बारीक टिंबं करायच्या. पहिलं, कागद कोणत्या दिवशी काढला. दुसरं, कधीपासून कधीपर्यंतचा काढला. तिसरं, शेवटचा व्यवहार कोणत्या तारखेचा. पियुषला यातली एकच जागा माहीत होती, ती म्हणजे शिल्लक. फार तर बँकेचा गोल शिक्का. शिक्का निळा आणि ठसठशीत असला की कागद चांगला, अशी त्याची परीक्षा.

"काकू, तीन तीन तारखा काय बघता? एकच कागद आहे ना तो," तो म्हणायचा.

"कागद एक आहे, पण तो तीन गोष्टी सांगतो," बाई म्हणायच्या. "कागद आज काढला आणि त्यात जूनपर्यंतचंच असलं, तर तो जूनचाच कागद. आजचा फक्त छपाईचा खर्च."

पियुष हसायचा. समजलं नाही की तो हसायचा. त्यामुळे तो दिवसभर हसतमुख असायचा.

यंदा दसरा आणि दोन ऑक्टोबर एकाच दिवशी आले. आदल्या दिवशी, एक तारखेला, दुपारी साडेचारला नगमानं एक फाईल आणून बाईंच्या टेबलावर ठेवली. नगमा तिथं स्कॅनिंगचं काम करायची. हुशार पोरगी, हात झपझप चालणारा.

"काकू, ये शेंदूरजनाघाटवाली फाईल. उद्या मुहूर्तावर पाठवायची आहे. सरांनी सांगितलं, फक्त एकदा नजर मारा."

फाईल प्रणालीची होती. भगवंतराव म्हणून तिथले संत्र्याचे एक बागाईतदार आणि व्यापारी, त्यांची एकुलती मुलगी. अन्नप्रक्रियेचं शिक्षण घ्यायला इंग्लंडला निघालेली. जानेवारीत कॉलेज सुरू होणार, तिकडचं प्रवेशाचं पत्र आलेलं, फीचा पहिला हप्ता गेलेला. राहिला होता तो व्हिसाचा अर्ज. उरलेली फी आणि राहण्याचा खर्च धरून बावीस लाख रुपये वडिलांच्या खात्यात आहेत, हे दाखवायचं होतं.

बाप-लेक बाहेर सोफ्यावर बसले होते. भगवंतरावांचा आवाज आतपर्यंत येत होता. ते पियुषला सांगत होते, की तालुक्यात असा व्यवहार पहिल्यांदाच होऊन राहिला आहे, आणि उद्या विजय मुहूर्तावर, दुपारी दोन वाजून काही मिनिटांनी, पोरीनं बटण दाबायचं.

सत्यभामाबाईंनी स्टेटमेंट स्क्रीनवर उघडलं. कागदाच्या वरच्या कोपऱ्यात पिवळा-लाल डाग होता. हळद-कुंकू. कागदाची पूजा केलेली दिसत होती. बाईंनी मनातल्या मनात हात जोडले आणि तारीख पाहिली. कागद काढला तो अठ्ठावीस ऑगस्टला. मजकूर एक मेपासून अठ्ठावीस ऑगस्टपर्यंतचा. शेवटचा व्यवहार पंचवीस ऑगस्टचा, कोणाचा तरी जमा झालेला चेक. शिल्लक तेवीस लाख चाळीस हजार.

त्यांनी बोटांवर मोजलं, मग कॅलेंडरवर मोजलं. अठ्ठावीस ऑगस्ट ते दोन ऑक्टोबर, पस्तीस दिवस.

त्या उठून बाहेर आल्या. "भाऊ, हे स्टेटमेंट जुनं झालं."

भगवंतरावांनी त्यांच्याकडे असं पाहिलं, जसं गाडीतल्या संत्र्याला हात लावून भाव पाडणाऱ्या गिऱ्हाइकाकडे पाहावं. "जुनं? पाच म्हैने झाले का त्याले? आत्ताचं हाये, गणपतीतलं."

"नियम एकतीस दिवसांचा आहे. स्टेटमेंट ज्या तारखेला संपतं, तिथून अर्ज भरायच्या दिवसापर्यंत एकतीस दिवसांवर जायला नको. तुमचे उद्या पस्तीस होतात. आणि त्या शेवटच्या तारखेच्या मागचे सलग अठ्ठावीस दिवस पैसे बावीस लाखांपेक्षा एक रुपयानंही कमी झालेले नको."

"अवो बाई, शिक्का हाये ना त्याच्यावर! मॅनेजरनं समोर बसवून, चहा पाजून मारून देल्ला."

"शिक्क्यानं कागद खरा ठरतो, ताजा नाही ठरत."

"पण इतक्या लवकर काहून काढलं होतं बाबा?" प्रणालीनं विचारलं. पोरगी सावळी, शांत, मांडीवर बॅग घट्ट धरून बसलेली.

"तुले समजत नाही का? ऋषिपंचमीले काढलं. चांगला दिवस. त्याच्या पुढं पितृपक्ष लागत होता. पितृपक्षात चांगल्या कामाचा कागद कोणी काढते का? अन् भरायचं दसऱ्याले. साडेतीन मुहूर्तातला मुहूर्त. देवापुढं ठेवला होता मी तो कागद महिनाभर."

सत्यभामाबाईंना त्यांच्या श्रद्धेबद्दल काही म्हणायचं नव्हतं. त्या स्वतः पितृपक्षात नवी साडी नेसत नसत. पण देवापुढे ठेवलेल्या दुधाचंही दुसऱ्या दिवशी काय होतं, हे ज्याला माहीत आहे त्यानं बँकेचा कागद महिनाभर ठेवावा, याचं त्यांना नवल वाटलं.

"मोबाईलवर बँक आहे का तुमची? आत्ता काढता येईल," त्यांनी विचारलं.

"मोबाईलात बँक ठेवणारा मानूस मी न्हाई. उद्या मोबाईल चोरीले गेला तं?"

"मग परवा, तीन तारखेला, बँक उघडली की नवीन काढा आणि परवाच भरू."

"परवा? एकादशीले?" भगवंतराव उभेच राहिले. "समद्या गावाले सांगून आलो मी, दसऱ्याले पोरीचा अर्ज जाणार. पियुषभाऊ, हे काय आहे? तुमी तं म्हटलं होतं समदं ओके."

पियुषनं बाईंच्या खांद्यावरून पाहत, सोफ्याकडे दोन्ही हात पसरले. "डोन्ट वरी काकाजी. काकू थोड्या जास्तच स्ट्रिक्ट आहेत. मी बघतो. उद्या मुहूर्तावर म्हणजे मुहूर्तावर."

हा माणूस "मी बघतो" म्हणाला की बाई ती फाईल पुन्हा एकदा वाचायला घ्यायच्या. कारण पाहणं हेच तर त्याला येत नव्हतं.

दसऱ्याच्या दिवशी ऑफिसला सुटी होती, पण या एका अर्जासाठी उघडलं होतं. दाराला झेंडूचं तोरण, कॉम्प्युटरला हळद-कुंकू, स्कॅनरवर आपट्याची दोन पानं. बाई अकरा वाजता पोचल्या. नगमा आधीच आली होती, पण रोजच्यासारखी बोलत नव्हती.

"काय झालं गं?"

"कुछ नहीं काकू." मग इकडेतिकडे पाहून हळूच म्हणाली, "सरांनी नवीन फाईल दिली. म्हणाले, कालवाली काढून टाक, ही लाव. मी नाही केलं काही. घरून करून आणली."

बाईंनी फाईल उघडली. तेच स्टेटमेंट. तोच हळद-कुंकवाचा डाग. पण वरच्या कोपऱ्यात तारीख होती अठ्ठावीस सप्टेंबर.

आधी त्यांना राग आला, आणि रागाच्या मागून एक वेगळीच गोष्ट आली. किळस म्हणावी तर ती जास्त, कीव म्हणावी तर ती कमी. खोटं करायचं तर निदान नीट तरी करावं. या गड्यानं फक्त वरची तारीख बदलली होती. खाली ओळ तशीच होती, एक मे ते अठ्ठावीस ऑगस्ट. शेवटचा व्यवहार तसाच, पंचवीस ऑगस्ट. कडेच्या गोल शिक्क्यात ऑगस्टच महिना, जरा पुसट झालेला, पण डोळे असलेल्याला वाचता येईल असा. आणि त्यानं बँकेसाठी निवडलेला दिवस कोणता, तर रविवार. बदललेला आकडाही शेजारच्या आकड्यांपेक्षा किंचित जाड होता, नव्यानं रंगवलेल्या दारासारखा.

त्या केबिनमध्ये गेल्या. पियुष नवा कुर्ता घालून बसला होता.

"पियुषभाऊ, अठ्ठावीस सप्टेंबरला कोणती बँक उघडी होती?"

"का?"

"रविवार होता."

पियुषनं मोबाईलमध्ये कॅलेंडर उघडलं, पाहिलं, आणि मोबाईल उलटा ठेवला. "मग सत्तावीस करतो."

"सत्तावीसला चौथा शनिवार."

"काकू, तुम्हाला काय प्रॉब्लेम आहे? पैसे खरे आहेत ना काकाजींचे? मी आकड्याला हातच लावला नाही. फक्त तारीख. एक आकडा. तिकडचा गोरा माणूस रविवार मोजत बसणार आहे का?"

"तो तेच मोजायचा पगार घेतो. आणि त्यानं बँकेला विचारलं तर?"

"कोणी विचारत नाही हो. दोन वर्षांत एकानंही विचारलं नाही."

म्हणजे हे पहिलं नव्हतं. बाईंना ते एका वाक्यात कळलं, आणि त्यालाही कळलं की त्यांना कळलं. तो उगाच टेबलावरचा पेन सरळ करत बसला.

"मुहूर्त दोनचा आहे," तो म्हणाला. "तुम्ही फक्त जाऊन बसा. अर्ज मी भरतो. तुमची सही कुठेच नाही."

"माझी नाही. त्या पोरीची आहे."

त्या बाहेर आल्या. भगवंतराव आणि प्रणाली नुकतेच जिना चढून आले होते. पोरीनं नवा ड्रेस घातलेला, कानामागे झेंडूची पाकळी अडकलेली. भगवंतरावांच्या हातात पेढ्यांचा बॉक्स.

बाईंनी बापाकडे पाहिलंच नाही. त्या प्रणालीला म्हणाल्या, "बेटा, इकडे ये. तुझ्या नावानं काय चाललंय ते तू स्वतः वाच."

प्रणाली स्क्रीनसमोर बसली. बाईंनी पेन्सिलीचं टोक दाखवायला वापरलं. "कागद कधी काढला म्हणतो?"

"अठ्ठावीस सप्टेंबर."

"कधीपर्यंतचं लिहिलंय?"

"अठ्ठावीस... ऑगस्ट."

"शेवटचा व्यवहार?"

"पंचवीस ऑगस्ट." पोरगी थांबली. तिनं वर पाहिलं. "काकू, काल तर वर पण ऑगस्टच होतं."

"काल होतं."

"बाबा, तुम्ही काही केलं?"

"म्या काय केलं? पियुषभाऊनं थोडं साफसूफ केलं असन. इतकुशी तं तारीख हाये. पैसा आपलाच हाये ना खात्यात! चोरीचा हाये का?"

"भाऊ," सत्यभामाबाई म्हणाल्या, "अर्जाच्या शेवटी खूण करायची असते, की दिलेलं सगळं खरं आहे. ती खूण तुम्ही करणार नाही, पियुषभाऊ करणार नाहीत. ती करणार ही. जुना कागद लावला तर फार तर अर्ज नाकारतील, फी बुडेल. बदललेला कागद लावला आणि सापडला, तर तिकडे जायला दहा वर्षं बंदी येऊ शकते. हिचं वय काय?"

"तेवीस," प्रणालीच म्हणाली.

"मग तेहतिसाव्या वर्षी पुन्हा विचारता येईल."

पियुष केबिनच्या दारात येऊन उभा होता. "काकू उगीच घाबरवतात. काकाजी, माझ्यावर विश्वास आहे ना?"

भगवंतराव अडकले. एका बाजूला पोरगी, दुसऱ्या बाजूला सगळ्या गावाला सांगून ठेवलेला मुहूर्त. आणि खरं सांगायचं तर त्यांना जास्त जड मुहूर्तच वाटत होता. ते घड्याळ पाहत म्हणाले, "प्रणाली, दाबून टाक. जे व्हाचं ते होईन. देव हाये."

पोरगी उठली. तिनं कानामागची पाकळी काढून टेबलावर ठेवली. "मी नाही दाबत."

"काय?"

"मी नाही दाबत बाबा. उद्या भरू. नाहीतर नका भरू."

त्यानंतर पंधरा मिनिटं भगवंतराव बोलले. काय बोलले ते सगळं लिहिण्यासारखं नाही. पोरी शिकवून डोक्यावर बसतात, पगारी बाया मालकाचा धंदा बुडवतात, आजकाल कोणाले देवाचं भेव राहिलं नाही, असं बरंच. खोटा कागद परदेशी पाठवायला निघालेला माणूस देवाच्या भीतीवर बोलत होता, आणि पियुष मान हलवत होता. दोन वाजून गेले. विजय मुहूर्त त्या दोघांच्या बोलण्यातच निघून गेला. पेढे नगमानं उघडून सगळ्यांना दिले, कारण त्यांचं कोणी काही करेना.

तीन तारखेला दुपारी बारा वाजता प्रणालीनं नवं स्टेटमेंट स्कॅन करून सत्यभामाबाईंच्याच मोबाईलवर पाठवलं. कागद काढला तीन ऑक्टोबरला. मजकूर एक जूनपासून तीन ऑक्टोबरपर्यंत. शिल्लक तेवीस लाख चाळीस हजार. पियुष मागून वाकून पाहत म्हणाला, "झालं ना तुमच्या मनासारखं? एवढंच हवं होतं ना? भरून टाकू आता."

बाई वरून खाली वाचत आल्या आणि नऊ सप्टेंबरपाशी थांबल्या. चार लाख काढलेले. शिल्लक एकोणीस लाख चाळीस हजार. पुढे वीस दिवस तेवढीच. मग एकोणतीस सप्टेंबरला चार लाख परत जमा.

त्यांनी फोन लावला. "बेटा, बाबांना दे."

भगवंतराव आले. आवाज अजून रुसलेला. "हां, बोला."

"नऊ सप्टेंबरला चार लाख काढले?"

"हां, काढले. वरुडकडच्या पुंजारामचा बगीचा घेतला ना मी. झाडावरच्या मालाचा इसार द्या लागते. नाही देल्ला तं दुसरा व्यापारी घेऊन जाते. मंग माह्या भागीदारानं एकोणतीसले पैसे टाकले, ते भरून देल्ले लगेच. काहून?"

"पैसे हलवायचे नाहीत, हे फाईल उघडतानाच सांगितलं होतं ना तुम्हाला?"

"अवो, पण कागद तं काढून झाला होता! कागद झाल्यावर पैशाले तिथं बसवून काय करायचं? कागदात तं तेवीस लाख दिसूनच राहिले होते."

म्हणजे हा गृहस्थ असं समजत होता, की बँकेतून कागद निघाला म्हणजे पैसा त्या कागदात येऊन बसला. आता खातं मोकळं. फोटो काढून झाला की माणसानं घरी जावं, तसं.

"आणि भाऊ," त्या म्हणाल्या, "नऊ सप्टेंबरला पितृपक्ष सुरू होता."

"धंद्यात पितृपक्ष पाहून चालत नाही बाई. माल थांबत नाही."

"म्हणजे पोरीच्या कागदापुरताच थांबतो."

फोनवर मागे प्रणालीचा आवाज आला. ती हसली होती, की तिनं नाक ओढलं, ते कळलं नाही.

पियुषचा चेहरा मात्र पाहण्यासारखा झाला होता. काल जो कागद सप्टेंबरचा करून तो पाठवणार होता, त्या खऱ्या सप्टेंबरात पैसे पुरे नव्हतेच. तो ज्याला "फक्त एक आकडा" म्हणत होता, त्या एका आकड्यामागं वीस दिवसांचा खड्डा होता. बाईंनी त्याला काही सांगितलं नाही. त्यालाच कळेल म्हणून थोडं थांबल्या. कळलं नाही. "मग आता काय करायचं?" असं त्यानं विचारलं, जणू खात्यात खड्डा बाईंनी खणला होता.

त्यांनी पेन्सिल घेतली. पैसे पुरे झाले एकोणतीस सप्टेंबरला. तो दिवस धरून अठ्ठावीसावा दिवस येतो सव्वीस ऑक्टोबर, रविवार. सोमवारी, सत्तावीसला, कागद काढायचा आणि त्याच दिवशी अर्ज. कॉलेज जानेवारीत, तेवढा वेळ होता. त्यांनी प्रणालीला फोनवर लिहून घ्यायला लावलं.

"दिवाळी मधे येते. बाबा फटाक्यांसाठीसुद्धा खात्याला हात लावणार नाहीत, हे तुझ्यावर. पासबुक तुझ्याजवळ ठेव."

"ठेवलं काकू. चेकबुक पण."

"शाब्बास."

सत्तावीस ऑक्टोबरला प्रणाली बँक उघडताच एकटीच काउंटरवर उभी राहिली. काउंटरवरच्या माणसानं न विचारताच तीस सप्टेंबरपर्यंतचं स्टेटमेंट काढलं, सहामाही तिथं संपते म्हणून, आणि त्याच्यावर आजचा शिक्का मारून पुढं सरकवलं. दहापैकी नऊ जण तो शिक्का पाहून घरी गेले असते. तिनं तिथंच उभं राहून वाचलं आणि परत केलं.

"सर, हे तीस सप्टेंबरपर्यंतचं आहे. मला आजपर्यंतचं पाहिजे."

"अहो मॅडम, तारीख आजचीच आहे ना वर."

"वर आजची आहे. आत नाही."

तो माणूस कुरकुरत पुन्हा बसला. दुसऱ्या कागदावर एक जुलै ते सत्तावीस ऑक्टोबर होतं, आणि शेवटचा व्यवहार चोवीस ऑक्टोबरचा, एका खरेदीदाराचे आलेले साठ हजार. एकोणतीस सप्टेंबरपासून शिल्लक एकदाही बावीस लाखांखाली नव्हती. हे सगळं तिनं स्कॅनसोबत बाईंना लिहूनही पाठवलं. बाईंनी स्वतः पुन्हा वाचलं, तीन टिंबं केली, आणि दुपारी अर्ज गेला. त्या दिवशी कसलाच मुहूर्त नव्हता. बाईंनी डोळे मिटून मनात दोन शब्द म्हटले, ते कोणाला दिसले नाहीत.

व्हिसा नोव्हेंबरच्या मध्यावर आला.

भगवंतराव शाल, नारळ आणि संत्र्याची पेटी घेऊन ऑफिसात आले. शाल त्यांनी पियुषच्या खांद्यावर घातली. "भाऊ, तुमच्यामुळं झालं. दसऱ्याले मनात धरलं होतं ना, देवानं तेच पूर्ण केलं." पियुषनं शाल सावरत फोटो काढून घेतला. कोटावर शाल, त्यामुळे तो लग्नातल्या नवरदेवाच्या मामासारखा दिसत होता. जिन्यातून येणाऱ्या नव्या पालकांना तो सांगत होता, "आमच्याकडे प्रत्येक स्टेटमेंट तीन ठिकाणी चेक होतं. आमची सिस्टीमच आहे तशी." आठ दिवसांत दरपत्रकात एक नवीन ओळ आली होती, स्टेटमेंट तपासणी, दीड हजार रुपये.

सत्यभामाबाईंनी ती ओळ वाचली आणि सरळ केबिनमध्ये गेल्या. "पियुषभाऊ, यातले हजार माझे."

"कसले काकू?"

"तपासणीचे. तुम्हाला करता येत असेल तर करा. चौथा शनिवार कधी असतो ते मी शिकवणार नाही."

पियुष नेहमीसारखा हसायला गेला, पण हसू अर्ध्यात राहिलं. हजार ठरले.

शाल घातली त्याच दिवशी भगवंतराव जाताना बाईंच्या टेबलाजवळ थांबले होते. काही बोलावं असं त्यांच्या तोंडावर दिसत होतं, पण आभार मानायची त्यांना सवय नव्हती. त्यांनी पेटीतून दोन संत्री काढून फाईलवर ठेवली, "आंबिया बहाराचा माल हाये, गोड निघन," म्हणाले आणि जिना उतरले. प्रणाली मागे राहिली. तिनं वाकून नमस्कार केला. बाईंनी तिच्या डोक्यावर हात ठेवला, आणि तिकडे गेल्यावर थंडीत कान झाकून ठेव म्हणून सांगितलं.

ती गेल्यावर त्यांनी एक संत्रं सोललं. आंबट होतं. दुसरं त्यांनी नगमाला दिलं.